जुनं स्कायरिम, भरमसाठ मॉड आणि व्हाइटरनमधले झटके

मावसभावाचा स्कायरिम गेम व्हाइटरन शहरात शिरलं की झटके खायचा. बाहेर जंगलात, गुहेत सगळं बरं चालायचं, पण फाटकातून आत पाऊल टाकलं आणि बाजाराकडे निघालं की दर एक-दोन सेकंदांनी चित्र गोठायचं, मग एकदम पुढे उडी. तो राहतो वडगाव बुद्रुकला, पीसी जुना आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम, 2 जीबीचं सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड आणि गेम साध्या हार्ड डिस्कवर. त्याचं म्हणणं, "दादा, कार्डच बदलायला लागणार बहुतेक." मी म्हटलं आधी पैसे खिशात ठेव, बघू काय होतंय ते.

आधी एक सांगतो, हे 2011 चं मूळ स्कायरिम आहे, लेजेंडरी एडिशन, 32-बिटवालं. 2016 ची स्पेशल एडिशन 64-बिट आहे आणि तिच्यात मेमरीची बरीच रडगाणी नाहीत, पण याचं कॅरेक्टर जुन्यावर इतकं पुढे गेलेलं की सोडायला तयार नव्हता. आणि मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करायला लोकांनी बनवलेल्या फाइली, म्हणाल तर शंभराच्या वर. त्यातले टेक्स्चर, चिलखतं, तलवारी वगैरे सोडून द्या, ते स्क्रिप्टला हातही लावत नाहीत. प्रश्न होता भूक-तहान लावणारा मॉड, थंडीत तोंडातून वाफ काढणारा मॉड, मार लागल्यावर लोकांना धडपडायला लावणारा मॉड आणि गावात माणसं वाढवणारा मॉड, या चौघांचा. चारही मॉड आपापल्या जागी चांगले आहेत, एकेकटा लावला तर कळतही नाही.

पहिलं काम मी केलं ते म्हणजे झटका नक्की कसला आहे हे ठरवणं, कारण लोक दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात. एक असतो फ्रेमचा झटका, म्हणजे चित्रच अडकतं. दुसरा असतो स्क्रिप्टचा उशीर, म्हणजे चित्र लोण्यासारखं चालतंय पण जादू मारली तर परिणाम तीन सेकंदांनी, दाराचा खटका ओढला तर दार नंतर कधीतरी उघडणार, क्वेस्टची सूचना तुम्ही पुढच्या खोलीत गेल्यावर येणार. दोन्हींचं औषध वेगळं आहे, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की दुखणं वाढतं. याच्याकडे नेमकं तेच झालेलं, ते पुढे सांगतो.

आफ्टरबर्नर या टूलमध्ये एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, याच्या जागी फ्रेमटाइमचा ग्राफ लावला. एफपीएसचा आकडा सरासरी दाखवतो, तो 50 च्या वर दिसत असतानाही गेम अडखळू शकतो. 60 एफपीएस म्हणजे एका फ्रेमला साधारण 16.7 मिलिसेकंद. जंगलात रेघ सरळ होती. व्हाइटरनमध्ये रेघ सरळ, सरळ, आणि मग दीड-दोनशे मिलिसेकंदांचा सुळका, परत सरळ, परत सुळका. मग गेमचा कमांड टाकायचा कन्सोल उघडून `tai` टाकलं, याने सगळ्या पात्रांचं एआय बंद होतं, सगळे पुतळ्यासारखे उभे. सुळके थोडे कमी झाले पण गेले नाहीत. म्हणजे नुसती गर्दी आणि तिची हालचाल हे कारण नव्हतं. टेक्स्चरचं सेटिंग एकदम खाली आणून पाहिलं, सुळके तसेच. कार्ड बिचारं निर्दोष होतं.

मग गेमच्या सेटिंगची आयएनआय फाइल उघडली आणि तिथे रत्न सापडलं. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, मॉड सांभाळायला मॉड ऑर्गनायझर वापरत असाल आणि प्रोफाइलला स्वतंत्र आयएनआय ठेवायचा पर्याय चालू असेल तर डॉक्युमेंट्समधली `Skyrim.ini` बदलून काहीही होत नाही, गेम प्रोफाइलमधली वाचतो. टूलच्या आतल्या आयएनआय एडिटरमधूनच बदला. तर याच्या फाइलमध्ये पॅपिरसच्या भागात, पॅपिरस म्हणजे स्कायरिमची स्क्रिप्टची भाषा आणि ती चालवणारं यंत्र, हे होतं:

```ini
[Papyrus]
fUpdateBudgetMS=800.0
fExtraTaskletBudgetMS=800.0
iMaxAllocatedMemoryBytes=2147483648
bEnableLogging=1
bEnableTrace=1
bLoadDebugInformation=1
```

कुठल्यातरी जुन्या "स्क्रिप्ट फास्ट करा" टाइप गाइडमधून आलेलं, कॉलेजच्या ग्रुपमध्ये कुणीतरी फाइल टाकली आणि सगळ्यांनी जशीच्या तशी चिकटवली.

हे 800 काय करतं ते समजून घ्या, सगळी गोष्ट इथेच आहे. मूळ आकडा 1.2 आहे. म्हणजे गेम प्रत्येक फ्रेममध्ये स्क्रिप्टना 1.2 मिलिसेकंद देतो, 16.7 मधले जेमतेम सात टक्के, आणि तेवढ्यात जे झालं ते झालं, उरलेलं पुढच्या फ्रेमला. दगडूशेठला गर्दीच्या दिवशी कार्यकर्ता दोरी धरून थोडी थोडी माणसं आत सोडतो ना, तसं. रांग कितीही लांब असू दे, आतला गाभारा चालू राहतो. म्हणून मूळ सेटिंगवर स्क्रिप्ट कितीही साचल्या तरी त्यांच्यामुळे चित्र सहसा अडकत नाही, फक्त स्क्रिप्टना उशीर होतो. बजेट 800 केलं की दोरीच सोडून दिली. रांग रिकामी असेल तेव्हा फरक शून्य, म्हणून जंगलात सगळं छान वाटतं. पण व्हाइटरनमध्ये एकदम ढीगभर स्क्रिप्ट आल्या की त्या एकाच फ्रेममध्ये हवा तेवढा वेळ खातात आणि तो फ्रेम पडद्यावर यायला दीडशे मिलिसेकंद लागतात. झटका तो हाच.

मेमरीची ओळही तसलीच. मूळ 76800 आहे, बाइट्समध्ये. एवढा लहान आकडा बघून माणसाला वाटतं वाढवायला पाहिजे, आणि लोक थेट 2 जीबी लिहून मोकळे होतात. 32-बिट गेमला मुळात सगळं मिळून जेवढी जागा मिळते तीच मर्यादित, त्यात एकट्या स्क्रिप्टच्या स्टॅकला एवढं आंदण देण्यात काही अर्थ नाही. आणि लॉगिंग चालू ठेवलं की प्रत्येक बारीकसारीक तक्रार डिस्कवर लिहिली जाते, तीही साध्या हार्ड डिस्कवर. लॉगिंग तपासणीपुरतं चालू करायचं आणि काम झालं की बंद.

बजेट दोन्हीकडे 1.2, मेमरी 76800, लॉगिंग तेवढं थोडा वेळ राहू दिलं. गेम चालू केला, फाटकातून आत, बाजारातून वर झाडापर्यंत चालत गेलो. सुळके जवळपास गायब. मावसभाऊ खूश, चहा आणायला उठला. मी म्हटलं थांब, आता बघ. एका पहारेकऱ्याला मुद्दाम डिवचलं, भांडण लावलं. तलवार लागली आणि तो धडपडला पुढच्या वाराच्या वेळी. भुकेचा मेनू उघडायची कळ दाबली तर मेनू दोन-तीन सेकंदांनी आला. म्हणजे झटका गेला पण त्याच्यामागे लपलेला उशीर आता उघड्यावर आला. स्क्रिप्टचं काम तेवढंच होतं, फक्त आधी ते फ्रेम खाऊन होत होतं, आता रांगेत उभं राहून होत होतं. पुष्कळ लोक या टप्प्यावर घाबरून बजेट परत वाढवतात. खरा उपाय म्हणजे रांगेत येणारी गर्दी कमी करणं.

गर्दी कुणाची ते लॉगमध्ये दिसतं. `Documents\My Games\Skyrim\Logs\Script` मध्ये `Papyrus.0.log` ही सगळ्यात ताजी फाइल. उघडली की पहिल्यांदा छातीत धस्स होतं, शेकडो ओळी एरर म्हणून. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. `Cannot open store for class` आणि पुढे `missing file?` असं दिसलं की बऱ्याचदा मॉड फक्त चाचपत असतो की अमुक दुसरा मॉड आहे का, नसला तर नसला. None ऑब्जेक्टवर काही बोलावल्याच्या तक्रारी तर साध्या, मॉड न लावलेल्या गेममध्येही येतात. मी शोधत होतो ती ओळ ही:

```
Suspended stack count is over our warning threshold, dumping stacks:
```

ही आली म्हणजे थांबून राहिलेल्या स्क्रिप्टची संख्या इतकी वाढली की यंत्रानेच हात वर केले आणि सगळी यादी ओकली. याच्या खाली जी नावं येतात ती बघायची. ही ओळ आली नसेल आणि तरी शंका असेल तर गर्दीच्या ठिकाणी उभं राहून कन्सोलमध्ये `dps` टाका, तीच यादी मागणीवरून मिळते. मग नोटपॅड प्लस प्लसमध्ये प्रत्येक स्क्रिप्टचं नाव शोधून काउंट करा. एखाद-दुसऱ्या वेळी नाव दिसलं तर सोडा, ते त्या क्षणी योगायोगाने चालू असेल. एकच नाव ढिगाने दिसलं तर तो तुमचा माणूस.

याच्याकडे दोन नावं ढिगाने होती. एक वाफेच्या मॉडचं. दुसरं `critterSpawn`, आणि ते वाचून मावसभाऊ म्हणाला हा कुठला मॉड, मी तर लावलाच नाही. लावला नव्हताच, हे मूळ गेमचं आहे, फुलपाखरांचं. स्कायरिममध्ये फुलपाखरं, पतंग, चतुर, पाण्यातले मासे हे सगळे पॅपिरस स्क्रिप्टवर उडतात-पोहतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच हसायला आलं होतं, ड्रॅगन इंजिन सांभाळतं आणि फुलपाखरू स्क्रिप्ट.

आधी वाफेचं घेऊ. हा मॉड क्लोक पद्धतीचा आहे, म्हणजे खेळाडूवर एक अदृश्य जादू कायम असते जी दर सेकंदाला आसपासच्या प्रत्येक माणसावर एक छोटी जादू टाकते, आणि त्या जादूला स्क्रिप्ट चिकटवलेली असते. मूळ गेममध्ये आगीचं कवच आहे ना, जवळ आलं की भाजतं, तेच यंत्र वापरून. लेखकाने सोर्स सोबत दिलेला होता, त्यातला गाभा असा, नावं सोपी करून लिहितोय:

```papyrus
Event OnEffectStart(Actor akTarget, Actor akCaster)
    If !akTarget.HasSpell(BreathAbility)
        akTarget.AddSpell(BreathAbility)
    EndIf
EndEvent
```

दिसायला निरागस आहे. माणसाकडे वाफेची जादू नसेल तर दे, असेल तर काही करू नको. पण "काही करू नको" हे ठरवायलासुद्धा स्क्रिप्ट सुरू व्हावी लागते, दर सेकंदाला, प्रत्येक माणसासाठी. बाजारात वीस माणसं धरा, गाव भरणाऱ्या मॉडमुळे तीसही होतात. म्हणजे सेकंदाला वीस-तीस नव्या स्क्रिप्ट आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या येऊन "आहे की आधीच" म्हणून परत जाणाऱ्या. वर पॅपिरसची अशी रीत आहे की स्क्रिप्टने गेमला काही विचारलं, म्हणजे `HasSpell` सारखं काहीतरी, तर बहुतेक वेळा उत्तर पुढच्या फ्रेमला मिळतं. 60 एफपीएसला एक प्रश्न साधारण 17 मिलिसेकंद, 30 ला 33. म्हणजे एफपीएस पडला की स्क्रिप्टही हळू होतात, हळू झाल्या की पुढची बॅच येईपर्यंत आधीची संपत नाही, आणि मग साचायला लागतं. धडपडवणारा मॉडही क्लोकचाच होता, म्हणजे हे सगळं दुप्पट.

याला पॅच काय, तर हाच प्रश्न स्क्रिप्टऐवजी इंजिनला विचारायला लावायचा. जादूच्या इफेक्टला कंडिशन लावता येते आणि ती इंजिन स्वतः तपासतं, पॅपिरसला उठवतच नाही. मॉडमधली रेकॉर्ड बदलायचं टूल टीईएस5एडिट उघडलं, क्लोकचा मॅजिक इफेक्ट शोधला, त्याच्या Assoc. Item मध्ये कुठली जादू टाकली जाते ते पाहिलं. मग त्या जादूच्या रेकॉर्डवर राइट क्लिक, Copy as override into, आणि नवीन प्लगइन, म्हणजे मॉडची ईएसपी फाइल. मूळ मॉडला हात लावायचा नाही, उद्या त्याची नवी आवृत्ती आली तर आपला बदल पुसला जातो. नव्या प्लगइनमध्ये त्या इफेक्टखाली एक कंडिशन घातली: फंक्शन `HasMagicEffect`, पॅरामीटर म्हणून वाफेच्या जादूचा जो इफेक्ट माणसावर कायम बसतो तो, Equal to, किंमत 0, Run On मध्ये Subject. म्हणजे ज्याच्यावर वाफ आधीच आहे त्याच्यावर ही जादू लागणारच नाही. आता स्क्रिप्ट फक्त नवा माणूस जवळ आला तरच, एकदाच.

इथे दोन गोष्टी नीट बघा. कंडिशनमध्ये कायम बसणारा इफेक्ट द्यायचा, टाकणारा इफेक्ट स्वतःचाच द्यायचा नाही, नाहीतर तो लागला की स्वतःलाच बाद करायला बघतो. आणि सोर्समध्ये `OnEffectFinish` आहे का ते वाचायचं. काही मॉड टाकणारा इफेक्ट संपला की दिलेली जादू काढून घेतात, अशा ठिकाणी ही कंडिशन लावली तर वाफ येणार, जाणार, येणार, जाणार, काम कमी व्हायच्या ऐवजी वाढणार. याच्या मॉडमध्ये तसं काही नव्हतं. धडपडवणाऱ्या मॉडसाठी तयार पॅच मिळाला, कुणीतरी हेच आधी करून ठेवलेलं, त्यामुळे तो उघडून कंडिशन आहेत ना एवढं पाहिलं आणि लावला. तयार पॅच असेल तर आधी तोच शोधा, पण आत डोकावून बघायला पाच मिनिटं लागतात तेवढी द्या.

आता फुलपाखरं. ही भानगड पॅचची नव्हती, लोड ऑर्डरची होती, पण लोक ज्याला लोड ऑर्डर म्हणतात तिची नाही. अनऑफिशियल पॅच, म्हणजे जुन्या गेमसाठीचा यूएसएलईईपी, याच्याकडे लावलेला होता आणि त्याच्यात कीटकांच्या स्क्रिप्ट दुरुस्त केलेल्या आहेत. मग त्रास का? मॉड ऑर्गनायझरच्या उजव्या बाजूला डेटा टॅब आहे, तिथे त्या स्क्रिप्टची फाइल `critterSpawn.pex` शोधली तर कळलं की गेम ती फाइल झाडा-फुलांच्या एका जुन्या मॉडमधून उचलतोय. त्या मॉडवाल्याने कधीकाळी त्या स्क्रिप्टची आपली कॉपी फोल्डरमध्ये सुटी ठेवून दिलेली. यूएसएलईईपीची कॉपी बीएसएमध्ये, म्हणजे बांधलेल्या गठ्ठ्यात. आणि नियम असा आहे की सुटी फाइल गठ्ठ्यातल्या फाइलला हरवते, प्लगइन वर असो की खाली. याने लूट नावाचं टूल चालवून चालवून प्लगइनची क्रमवारी लावली होती, एकदम सुरेख, पण लूट उजव्या बाजूची यादी लावतं, म्हणजे ईएसपी-ईएसएमची. कुठली पीईएक्स फाइल जिंकणार हे त्या यादीवरून ठरतच नाही. दोन सुट्या फाइल भांडत असतील तर डाव्या बाजूच्या यादीत जो मॉड खाली तो जिंकतो, आणि सुटी विरुद्ध गठ्ठा असेल तर सुटी. झाडांच्या मॉडमधली ती एक फाइल लपवली, कॉन्फ्लिक्टच्या खिडकीत हाइड म्हणून पर्याय आहे, मॉड काढायची गरज पडली नाही, झाडं तशीच राहिली.

उजव्या बाजूच्या यादीचं काम वेगळं आहे, तिथे रेकॉर्ड भांडतात. एकाच माणसाचं किंवा क्वेस्टचं रेकॉर्ड दोन मॉडनी बदललं असेल तर जो खाली तो अख्खं रेकॉर्ड आपलं ठेवतो, थोडं याचं थोडं त्याचं असं होत नाही. आणि कुठल्या रेकॉर्डला कुठली स्क्रिप्ट जोडायची, तिला कुठल्या किंमती द्यायच्या, हे रेकॉर्डच्याच आत VMAD नावाच्या भागात असतं. गाव भरणाऱ्या मॉडने व्हाइटरनमधल्या काही जुन्या लोकांची रेकॉर्ड उचलली होती, फक्त त्यांची दिनचर्या बदलायला, पण सोबत मूळ गेमचा जुना VMAD आला आणि अनऑफिशियल पॅचने केलेली दुरुस्ती त्याच्याखाली गाडली गेली. हे झटक्याचं मोठं कारण नव्हतं हे मान्य, पण त्याच स्क्रिप्टच्या तक्रारी लॉगमध्ये सारख्या येत होत्या, तर माझ्या त्याच छोट्या प्लगइनमध्ये ती रेकॉर्ड घेतली, दिनचर्या गावाच्या मॉडची ठेवली आणि VMAD अनऑफिशियल पॅचमधून ओढून आणला. टीईएस5एडिटमध्ये हे एका खान्यातून दुसऱ्या खान्यात ओढण्याइतकं सोपं आहे. बॅश्ड पॅच हे काम करेल असं काही लोक समजतात. तो प्रामुख्याने लेव्हल्ड लिस्ट एकत्र करायला आहे, स्क्रिप्टच्या जोडण्या त्याच्या भरवशावर सोडू नका.

हा आपला पॅच अगदी शेवटी गेला पाहिजे. ज्या मॉडवर तो अवलंबून आहे ते त्याचे मास्टर होतात, म्हणून तो त्यांच्या खाली जाणार हे नक्की असतं. पण त्याच रेकॉर्डला हात लावणारा तिसरा मॉड, जो मास्टर नाही, तो लूटने याच्या खाली नेऊन ठेवला तर सगळी मेहनत वाया. लूटला तुमच्या घरी केलेल्या प्लगइनबद्दल काही माहीत नसतं, त्यामुळे लूटमध्येच त्या प्लगइनला "अमुकच्या नंतर" असा नियम लिहून ठेवला, म्हणजे हा पुन्हा सॉर्ट करत बसला तरी हलणार नाही.

एवढं करून जुना सेव्ह उघडला आणि फरक पडला, पण मला वाटला होता तेवढा नाही. तेवढ्यात लाईट गेली, गुरुवार होता, तर खाली जाऊन वडापाव खाऊन आलो. लाईट आल्यावर एक चाचणी घेतली जी खरं तर कुणीही सगळ्यात आधी घ्यावी: सेव्ह न उघडता मेन मेनूतूनच कन्सोल उघडून

```
coc WhiterunOrigin
```

टाकलं. याने कुठलाही जुना इतिहास नसलेलं कोरं कॅरेक्टर थेट व्हाइटरनमध्ये टाकलं जातं, मॉड तेच, गाव तेच. थोडा वेळ थांबून सगळे मॉड सुरू होऊ दिले आणि मग हिंडलो, तर मेनू लगेच येत होता. म्हणजे उरलेला उशीर मॉडचा नव्हता, त्या सेव्हच्या पोटात होता.

कारण स्कायरिम चालू असलेल्या स्क्रिप्ट सेव्हमध्येच लिहून ठेवतं. मधेच एखादा मॉड काढून टाकला तर त्याची फाइल जाते, पण सेव्हमधली नोंद राहते. त्यातही जुन्या मॉडवाल्यांनी `RegisterForUpdate` वापरलं असेल तर तो दर अमुक सेकंदांनी मला उठव असा कायमचा निरोप असतो, मॉड गेला तरी निरोप राहतो. शहाणे लोक `RegisterForSingleUpdate` वापरतात, एकदा उठव, काम झालं की मी पुन्हा सांगेन, त्यामुळे मॉड गेला की साखळी आपोआप तुटते. मावसभावाने या कॅरेक्टरवर मॉड लावले किती आणि काढले किती त्याचा हिशोब त्याच्याकडेच नव्हता. "दोन-तीनच काढले असतील," म्हणाला. सेव्ह तपासायच्या रीसेव्हर टूलमध्ये सेव्ह उघडला आणि अनअटॅच्ड इन्स्टन्स आणि अनडिफाइंड एलिमेंटची, म्हणजे मागे उरलेल्या बेवारस नोंदींची, यादी त्याच्या तोंडासमोर धरली, मग "अरे हो, तो घोड्यांचा पण होता" वगैरे आठवायला लागलं.

साफसफाई अशी केली: सेव्हची कॉपी बाजूला. गेममध्ये एका बंद घरात जाऊन उभा राहिलो, जिथे माणसं-फुलपाखरं काही नाही, थोडा वेळ काहीही न करता, रांग रिकामी व्हावी म्हणून. तिथे नवा सेव्ह. तो रीसेव्हरमध्ये उघडून अनअटॅच्ड आणि अनडिफाइंड तेवढे काढले, बाकी कशालाही हात नाही. तिथे अजूनही बरीच बटणं आहेत, ती मोहात पाडतात, दाबू नका. परत गेममध्ये उघडून पुन्हा बंद घरात थोडं थांबून सेव्ह. याला शंभर टक्के सुरक्षित कुणीच म्हणत नाही, अनअटॅच्डमध्ये क्वचित एखाद्या चालू मॉडने मुद्दाम ठेवलेलंही असू शकतं, म्हणून कॉपी हवीच आणि पुढचे काही तास खेळताना क्वेस्ट नीट पुढे सरकतायत ना यावर नजर हवी. याचं निभावलं. मेनू अर्ध्या सेकंदात यायला लागला, मार लागला की माणूस त्याच वारावर धडपडायला लागला, आणि लॉगमध्ये ती स्टॅकवाली ओळ बाजारात चक्कर मारूनही आली नाही. मग लॉगिंगच्या तिन्ही ओळी शून्य केल्या.

भुकेच्या मॉडमध्ये काही तोडफोड केली नाही, त्याच्या एमसीएममध्ये, म्हणजे गेममधल्या सेटिंगच्या मेनूत, तपासणीचा कालावधी मिळतो तो फक्त वाढवला. भूक लागली हे पाच सेकंद उशिरा कळलं तर कुणी मरत नाही. मूळ 32-बिट गेम गर्दीच्या जागी एकदम गोठून बंद पडण्याचा जो प्रकार आहे त्यासाठी एसकेएसई, म्हणजे स्क्रिप्टची ताकद वाढवणारं टूल, त्याच्या `skse.ini` मध्ये या दोन ओळी घातल्या, पण हे झटक्यासाठी नाही, क्रॅशसाठी आहे, दोन्हींची सरमिसळ नको:

```ini
[Memory]
DefaultHeapInitialAllocMB=768
ScrapHeapSizeMB=256
```

एसकेएसई 1.7 च्या आसपासची आवृत्ती असली तरच ही चालते, आणि ही चालू असेल तर त्याच कामाचं दुसरं जुनं टूल काढून टाकायचं.

जे गेलं नाही ते पण सांगतो. घोड्यावरून वेगात जाताना मैदानात अधूनमधून अजून एक हलका झटका येतो. फ्रेमटाइमच्या ग्राफवर तो सुळका ठरावीक अंतराने, नव्या भागात शिरलं की येतो आणि त्याच क्षणी हार्ड डिस्कचा लाल दिवा लागतो. तो नकाशाचे पुढचे तुकडे डिस्कवरून वाचण्याचा आहे, त्याला स्क्रिप्ट, पॅच, लोड ऑर्डर काही लागू पडत नाही, गेम एसएसडीवर हलवला की कमी होईल. दारातून आत-बाहेर करताना यायचा तो ऑटोसेव्हचा होता, सेव्ह फाइल फुगलेली असली की लिहायला वेळ लागतो, तर ऑटोसेव्हचे पर्याय बंद केले आणि याला हाताने सेव्ह करायला लावलं. कार्डासाठी साठवलेल्या पैशातून एसएसडी घेतो म्हणाला, अप्पा बळवंत चौकाच्या क्लासवरून येताना बघून येणार होता.

आता तो विचारतोय की स्पेशल एडिशनवर गेलो तर हे सगळं करायला लागणार नाही ना. मेमरीचं नाही लागणार, पण पॅपिरस तिथेही तेच आहे आणि बजेटही तेच 1.2, क्लोकचा मॉड तिथेही दर सेकंदाला सगळ्यांना उठवतो. फरक एवढाच की तिथे हे वाटपाचं काम स्क्रिप्टशिवाय करणारे एसकेएसईचे प्लगइन आलेत, त्यामुळे नवे मॉडवाले क्लोक वापरायचं टाळतात. आणि जुन्याचे मॉड तिकडे तसेच्या तसे उचलून टाकता येत नाहीत, एसकेएसईच्या डीएलएल तर अजिबातच नाही. त्याला सांगितलंय, सबमिशन संपू दे, मग नवीन कॅरेक्टर आणि मोजके मॉड घेऊन बसू, आणि ग्रुपवरून आलेली आयएनआय त्यात टाकायची नाही.